जॉब्स मेथड: शिखर ४:६ वर येतंय, मग फॉर्म्युला खरंच २:३ धरायचा का?

मोरपिशी
नमस्कार मंडळी. एमएस्सी पार्ट वनला आहे, इनऑरगॅनिकच्या प्रॅक्टिकलला फेरिक आणि सॅलिसिलिक ॲसिडचा जांभळा कॉम्प्लेक्स आहे, त्याचं गुणोत्तर जॉब्स मेथडने काढायचंय. दोन्ही स्टॉक ०.००१ मोलर. नऊ टेस्टट्यूब, पहिलीत फेरिक १ मिली आणि सॅलिसिलिक ९ मिली, दुसरीत २ आणि ८, असं करत शेवटची ९ आणि १. प्रत्येकीत एकूण १० मिली. ५२५ नॅनोमीटरला रीडिंग घेतली ती अशी (फेरिक १ ते ९ मिली या क्रमाने):

०.१५, ०.२८, ०.३९, ०.४४, ०.४१, ०.३५, ०.२७, ०.१८, ०.०९

म्हणजे शिखर ४ मिली फेरिकला. ४:६ म्हणजे २:३. मॅन्युअलमध्ये उत्तर १:१ दिलंय. दोनदा केलं तरी तेच येतंय, आकडे जवळपास जुळतात, म्हणजे पिपेटचा घोळ नसावा. आता जर्नलमध्ये रीडिंगप्रमाणे २:३ लिहायचं की मॅन्युअलप्रमाणे १:१? आणि असं येतंच का हे कोणी नीट सांगेल का?

घोडेस्वार७
१:१ लिही, आलेख ४ आणि ५ च्या मधे कुठेतरी जाड पेन्सिलने काढ, एक्स्टर्नल येईपर्यंत सगळं १:१ होतं. आमच्या वेळी तर अख्ख्या बॅचचा आलेख एकाच ट्रेसिंग पेपरवरून निघायचा.

खडूवाला
घोडेस्वार, पोरगी मनापासून विचारतेय, तिला असले सल्ले नकोत.

मोरपिशी, तीन गोष्टी आधी सांग. स्टॉक कशात केले, साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये की ॲसिडमध्ये? ५२५ तू स्कॅन करून निवडलंस की मॅन्युअलमधून घेतलंस? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सॅलिसिलिकचा स्टॉक कोणी आणि कसा केला? तोपर्यंत काही लिहू नकोस, ना १:१ ना २:३. तुझी रीडिंग वाईट नाहीत, उलट बरीच गुळगुळीत आहेत. नऊ ट्यूबमध्ये चूक असती तर वक्र वेडावाकडा झाला असता. हा एकाच बाजूला झुकलाय, म्हणजे कारणही एकच असणार.

पाणीवाले_नाना
छान विषय. आमच्या बोअरच्या पाण्यात लोखंड आहे, बादलीला तांबडा थर बसतो. या पद्धतीने घरच्या घरी किती लोखंड आहे ते कळेल का? सॅलिसिलिक ॲसिड मेडिकलमध्ये मिळतं असं ऐकलं.

उंबर
नाना, ही पद्धत लोखंड किती आहे ते सांगत नाही. एका लोखंडाच्या अणूला जांभळा रंग देणारे किती रेणू चिकटतात तेवढंच सांगते. तुम्हाला हवंय ते वेगळं, बाटली भरून जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या, तिथे फेनँथ्रोलीन घालून केशरी रंगावरून लोखंड मोजतात. बाटली भरताना पाणी थोडा वेळ वाहू द्या आणि बाटली लगेच पोहोचवा, नाहीतर लोखंड तळाशी बसतं आणि वरचं पाणी साफ येतं.

सोनटक्का
मला वाटतं हा पीएचचा खेळ आहे. मी एमएस्सीला सल्फोसॅलिसिलिक ॲसिडवर हाच प्रयोग केला होता, त्यात पीएच २ च्या आसपास जांभळट रंग असतो आणि १:१ येतो, पीएच ५-६ ला नेलं की तांबूस होतो आणि १:२ येतो, अमोनिया घालून वर नेलं की पिवळा होतो आणि १:३. तीन ट्यूब शेजारी ठेवल्या तर फार सुंदर दिसतात. मोरपिशीचं शिखर १:१ आणि १:२ च्या बरोब्बर मधे आलंय, म्हणजे तिच्या ट्यूबमध्ये दोन्ही कॉम्प्लेक्स एकत्र असणार. पीएच चढलाय, शंभर टक्के. शिवाय आलेखाची दोन टोकं बघा, एकीकडे ०.१५ आणि दुसरीकडे ०.०९, १:१ असता तर दोन्ही सारखी आली असती.

मोरपिशी
खडूवाला सर, उत्तरं:

दोन्ही स्टॉक ०.००२ मोलर एचसीएलमध्ये डायल्यूट केलेत. पीएच पेपर लावला तर सगळ्या ट्यूब २ आणि ३ च्या मधे दाखवतात, पहिली आणि शेवटची सुद्धा.

स्कॅन केला होता ५ आणि ५ च्या ट्यूबचा, पीक ५२५-५३० ला आलं.

०.०१ मोलरचे मूळ स्टॉक आमच्या आधीच्या बॅचने केलेत, आम्ही फक्त दहापट पातळ केले. फेरिक ॲलमचा स्टॉक करताना त्यात थोडं ॲसिड घातलंय. सॅलिसिलिकच्या बाटलीवर "फिल्टर्ड" असं लिहिलंय.

सोनटक्का ताई, पीएच २-३ च्या मधे असेल तर १:२ होईल का?

खडूवाला
"फिल्टर्ड" हा शब्द लक्षात ठेव, त्याच्याकडे येतोच.

आधी सोनटक्कांचं म्हणणं तपासू, कारण ते चुकीचं नाही, अर्धं बरोबर आहे. दोन कॉम्प्लेक्स एकत्र असतील तर शिखर मधे कुठेतरी येऊ शकतं. पण मग त्याची एक खूण असते. १:१ आणि १:२ चे रंग वेगळे, म्हणजे त्यांची प्रकाश शोषायची तरंगलांबीही वेगळी. त्यामुळे त्याच नऊ ट्यूब वेगळ्या तरंगलांबीला मोजल्या की शिखर सरकतं, एका ठिकाणी एका कॉम्प्लेक्सचं वजन जास्त पडतं, दुसरीकडे दुसऱ्याचं. व्हॉसबर्ग आणि कूपर यांनी १९४१ मध्ये हेच वापरलं, निकेल आणि एथिलीनडायअमाइनमध्ये १:१, १:२, १:३ असे तिन्ही कॉम्प्लेक्स वेगवेगळ्या तरंगलांबींना शिखर देतात. त्यामुळे एकाच तरंगलांबीवर केलेल्या जॉब्स प्लॉटवर मी कधीच सही करत नसे.

मोरपिशी, त्याच ट्यूब ४८०, ५२५ आणि ५७० ला मोज. ४८० ला फेरिकचा स्वतःचा पिवळेपणा थोडा लागेल, म्हणून तेवढंच फेरिक, सॅलिसिलिकशिवाय, एचसीएलने १० मिली करून वेगळं मोज आणि वजा कर. शिखर हललं तर सोनटक्का बरोबर. नाही हललं तर पुढे बोलू.

उंबर
सर मोजायला लावतायत तोपर्यंत माझा एक अनुभव, शिखर वाचण्याबद्दलच आहे. मी फार्मा कंपनीत क्यूसीला आहे, पण शिकत असताना फेरस आणि फेनँथ्रोलीनवर जॉब्स केला होता. हायड्रॉक्सिलअमीन घालून सगळं लोखंड फेरस ठेवायचं, ५१० नॅनोमीटर. हा रंग खूप गडद असतो म्हणून स्टॉक ०.०००२५ मोलर घेतले होते, ०.००१ घेतले असते तर ॲबसॉर्बन्स २ च्या वर गेला असता आणि आमच्या मशीनला तिथे काही कळत नव्हतं.

तर गंमत अशी की फेरस एक-एक मिलीने वाढवत गेलो आणि सगळ्यात मोठं रीडिंग ३ मिलीला आलं. अर्ध्या वर्गाने ३:७ लिहिलं आणि मग ते कशाच्या जवळ आहे यावर भांडत बसले. खरं शिखर २.५ ला होतं, १:३ चं, पण त्या जागी ट्यूबच नव्हती. २ मिलीला लोखंड कमी पडतं, ३ मिलीला फेनँथ्रोलीन कमी पडतं, पण ३ ला पडणारी तूट छोटी असते, म्हणून ३ चं रीडिंग २ च्या वर जातं. सरांनी दोन्ही बाजूंच्या सरळ भागांवर पट्टी ठेवून रेषा काढायला लावल्या, त्या बरोब्बर २.५ ला छेदल्या. तेव्हापासून सगळ्यात मोठ्या रीडिंगवर बोट ठेवून गुणोत्तर सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

घोडेस्वार७
मान्य. मग मोरपिशीने पण रेषा काढून बघाव्यात ना, कदाचित ५ ला छेदतील आणि सगळा प्रश्नच मिटेल.

मोरपिशी
काढल्या. डावीकडची ०.१५ आणि ०.२८ मधून, उजवीकडची ०.१८ आणि ०.०९ मधून. बरोब्बर ४ लाच छेदतात, ५ च्या जवळपास पण नाही.

आणि तीन तरंगलांबी पण झाल्या. ४८० आणि ५७० ला आकडे लहान आले पण शिखर तिन्हीकडे ४ वरच आहे. आणखी एक केलं, प्रत्येक वक्राला त्याच्या मोठ्यात मोठ्या रीडिंगने भागलं, तर तिन्ही वक्र एकावर एक बसले.

सोनटक्का
अरे वा, भागायची युक्ती छान. मग दोन कॉम्प्लेक्सचा मुद्दा मी सोडते. पण टोकांचं काय? ०.१५ आणि ०.०९. म्हणजे सॅलिसिलिकचा स्टॉक कमजोर आहे हे आलेखातूनच सिद्ध झालं ना? आणखी काही करायची गरजच नाही.

खडूवाला
इथे जरा थांबा, कारण बरेच जण इथेच घसरतात.

पहिल्या ट्यूबमध्ये फेरिक १ मिली आणि सॅलिसिलिक भरपूर, म्हणून जवळजवळ सगळं फेरिक कॉम्प्लेक्समध्ये जातं आणि रीडिंग फेरिकच्या स्टॉकवर ठरतं. शेवटच्या ट्यूबमध्ये उलट, तिथे सॅलिसिलिकचा स्टॉक बोलतो. १:१ असेल आणि स्टॉक सारखे असतील तर दोन्ही टोकं सारखी. मोरपिशीची ०.०९ भागिले ०.१५ म्हणजे साधारण ०.६. तेव्हा "१:१ आहे आणि सॅलिसिलिकचा स्टॉक ६०% आहे" असं म्हटलं तर सगळं बसतं.

पण खरोखर २:३ कॉम्प्लेक्स असता आणि स्टॉक अचूक असते तर? १ मिली फेरिकमधून अर्धा भाग कॉम्प्लेक्स होतो, कारण दोन फेरिक लागतात. १ मिली सॅलिसिलिकमधून एक तृतीयांश, कारण तीन लागतात. टोकांचं गुणोत्तर दोन तृतीयांश, म्हणजे ०.६७. दोन दशांशांच्या रीडिंगवर ०.६ आणि ०.६७ यात फरक करता येत नाही. शिखरही ४ लाच आलं असतं, आणि कॉम्प्लेक्स एकच असल्यामुळे तीन तरंगलांबींना हललंही नसतं. म्हणजे हा आलेख कितीही वेळा काढला, कितीही सुंदर काढला, तरी या दोन शक्यता त्याला वेगळ्या करता येत नाहीत. दोन्ही स्टॉक समान आहेत हे जॉब्स मेथड गृहीत धरते. जे गृहीत धरलंय ते त्याच आलेखातून कसं सिद्ध करणार?

ते बाहेरूनच तपासायला हवं. मोरपिशी, ०.०१ मोलर सॅलिसिलिकचा मूळ स्टॉक २५ मिली घे, त्यात एचसीएल नाही हे बरं आहे, फिनॉल्फथॅलीन घालून ०.०१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट कर. फिनॉलचा हायड्रोजन या टायट्रेशनमध्ये येत नाही, एकच येतो. स्टॉक बरोबर असेल तर २५ मिली लागतील. फेरिक ॲलमपण तपास, पीएच २-३ ला ईडीटीएने. त्याला इंडिकेटर म्हणून सॅलिसिलिक ॲसिडच चालतं, जांभळा जाऊन पिवळा झाला की संपलं.

आता "फिल्टर्ड". सॅलिसिलिक ॲसिड गार पाण्यात लिटरला जेमतेम २ ग्रॅम विरघळतं, तेही फार सावकाश. ०.०१ मोलरसाठी १.३८ ग्रॅम लागतं. घाईघाईने हलवलं की पांढऱ्या बारीक सुया पाण्यात तरंगत राहतात, आणि कोणाला तरी तो कचरा वाटतो.

मोरपिशी
सर!! आत्ता बाटली उजेडात धरून बघितली, तळाला तसं काही नाही, एकदम स्वच्छ आहे. पण मागच्या बॅचच्या एकीला फोन केला, ती म्हणाली "हो, पांढरं पांढरं तरंगत होतं, म्हणून व्हॉटमनमधून गाळलं." उद्या टायट्रेशन करते.

घोडेस्वार७
म्हणजे अर्धा स्टॉक फिल्टर पेपरवर गेला आणि आपण इथे अख्खा धागा गाळतोय.

दूरदेशी
उशिरा येतोय. मी जर्मनीत पोस्टडॉक करतो, सुप्रामोलेक्युलर केमिस्ट्री. आमच्याकडे जॉब्स प्लॉट दाखवला तर रेफरी परत पाठवतात. २०१६ मध्ये हिबर्ट आणि थॉर्डर्सन यांनी यावर सविस्तर लिहिलंय, कमजोर बांधणी असेल तर १:२ असूनही शिखर ०.५ जवळ दिसू शकतं आणि माणूस खुशाल १:१ लिहून मोकळा होतो. टायट्रेशन डेटा घेऊन वेगवेगळी मॉडेल फिट करा, कोणतं बसतं ते बघा. १९२८ ची पद्धत, तिचं मूळ तर १९११ मध्ये ऑस्ट्रोमिस्लेन्स्कीकडे जातं, आज मुलांना का शिकवायची हेच मला कळत नाही.

उंबर
दूरदेशी, तुमच्या यजमान-पाहुणे रेणूंमध्ये बांधणी कमजोर असते, तिथे मान्य. फेनँथ्रोलीन-फेरससारखं घट्ट बसणारं असेल तर त्रिकोण इतका टोकदार येतो की कशालाही फिट करायची गरज राहत नाही. सरसकट मोडीत काढू नका. आमच्या लॅबमध्ये नवीन रिएजंट आला की पहिल्या दिवशी मी आजही हेच करते.

दूरदेशी
टोकदार आला तर ठीक. पण मोरपिशीचा टोकदार नाहीये, गोल आहे. फेरिक-सॅलिसिलेट पीएच २.७ ला तेवढं घट्ट नाही, कारण हायड्रोजन आयन सॅलिसिलेटसाठी फेरिकशी स्पर्धा करतात. शिवाय टोकदार आला तरी १:१ आणि २:२ वेगळे सांगता येत नाहीत, दोन्हींचं शिखर ०.५. मग "फॉर्म्युला" कसला मिळाला?

खडूवाला
हे खरं आहे, मिळतं ते गुणोत्तर, फॉर्म्युला नाही. मी वर्गात तो शब्द वापरायचो, सवयीने. पण मुलांना शिकवू नये याच्याशी सहमत नाही. फिटिंगमध्ये चुकीचा स्टॉक टाकला तरी संगणक निमूटपणे काहीतरी उत्तर देतोच. इथे पोरीला आलेख झुकलेला डोळ्यांना दिसला म्हणून ती विचारायला आली.

मोरपिशी
टायट्रेशन झालं! २५ मिली सॅलिसिलिकला सोडियम हायड्रॉक्साइड १५.१ मिली, परत केलं तर १५.०. म्हणजे स्टॉक ०.००६ मोलर. फेरिकचा बरोबर निघाला.

मग सॅलिसिलिकचा नवीन स्टॉक केला. १.३८ ग्रॅम आधी कोमट पाण्यात पूर्ण विरघळू दिलं, थंड झाल्यावर लिटरपर्यंत भरलं, त्याचं पण टायट्रेशन केलं आणि मगच पातळ केलं. नवीन रीडिंग:

०.१५, ०.३०, ०.४३, ०.५५, ०.६०, ०.५५, ०.४४, ०.३०, ०.१५

शिखर ५ ला, दोन्ही बाजू सारख्या. १:१. जुनी रीडिंग पण जर्नलमध्ये ठेवतेय, शेजारी टायट्रेशनसकट. सगळ्यांचे खूप आभार.

आता पुढचा भाग, यावरून स्टॅबिलिटी कॉन्स्टंट काढायचाय. रेषा वाढवल्या तर ५ ला ०.७५ येतात, प्रत्यक्षात ०.६०. म्हणजे ८०% कॉम्प्लेक्स झाला. फेरिक आणि सॅलिसिलिक दोन्ही ०.०००५ मोलर, त्यातलं २०% मोकळं. उत्तर ४०,००० आलं. बरोबर आहे ना?

सोनटक्का
अभिनंदन! आकडेमोड बरोबर आहे, मी करून बघितली.

खडूवाला
आकडेमोड बरोबर, पण ०.७५ वर माझा भरवसा नाही. रेषा तू १ आणि २ मिलीच्या बिंदूंमधून काढलीस. तिथे सॅलिसिलिक जास्त असलं तरी फेरिक पूर्णपणे बांधलं गेलेलं नसतं, पाचेक टक्के मोकळं राहतंच. म्हणून रेषेचा चढ खऱ्यापेक्षा कमी येतो आणि टोक खाली दिसतं. समज खरं टोक ०.८० असेल, तर बांधलेलं ७५%, आणि कॉन्स्टंट २४,०००. रेषा केसभर हलली की उत्तर जवळपास निम्मं होतं. म्हणून या आकड्याला "सुमारे" लावायचं आणि पीएच लिहायचाच, पीएच बदलला की हा आकडा बदलतो.

दूरदेशी
हेच म्हणत होतो मी. नऊही बिंदू एकदम फिट करा.

खडूवाला
करा, माझी ना नाही. पण त्याआधी टोक थेट मोजता येतं. ५ मिली फेरिक ०.००१ मोलर आणि ५ मिली सॅलिसिलिक ०.०१ मोलर एका ट्यूबमध्ये. सॅलिसिलिक दहापट, म्हणजे जवळजवळ सगळं फेरिक बांधलं जाईल. ते रीडिंग ०.८० च्या जवळ आलं तर माझं म्हणणं खरं, ०.७५ आलं तर तुझं. यात सोडियम सॅलिसिलेट वापरू नकोस, विरघळायला सोपं म्हणून मोह होतो, पण ते एवढ्या प्रमाणात एचसीएल खाऊन टाकतं, पीएच वर जातो आणि मग सोनटक्कांचा १:२ खरंच हजर होतो. सॅलिसिलिक ॲसिडच घे, आणि ट्यूबमधलं एचसीएल ०.००२ मोलरच राहील असं बघ.

मोरपिशी
सोमवारी लॅब उघडली की करते. ४८० ला पण मोजते, १:२ शिरला असेल तर ४८० आणि ५२५ चं गुणोत्तर बाकीच्या ट्यूबपेक्षा वेगळं येईल ना?

खडूवाला
येईल. फेरिकचं वजा करूनच बघ.

पाणीवाले_नाना
बाटली देऊन आलो. पाणी आधी वाहू द्यायचं लक्षात होतं. रिपोर्ट आठवड्याने देतो म्हणालेत, तो कसा वाचायचा ते इथेच विचारीन.